एप्रिलच्या अडतीस चौकशा

सुदर्शनच्या रिसेप्शनच्या भिंतीवर तीन चौकटी होत्या. एकीत कुलदैवत, दुसरीत माळशेजचा धबधबा आणि मधल्या चौकटीत मार्च महिन्याचा परफॉर्मन्स रिपोर्ट. तिन्हींनाही रोज सकाळी उदबत्ती ओवाळली जाई. रिपोर्टला ओवाळायचं असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तो मधोमध असल्यामुळे हाताला त्याला चुकवून पुढं जाणं जमत नसे.

रिपोर्ट इंग्रजीत होता. त्यातल्या दोन गोष्टी सुदर्शनला कळत. एक, वर गेलेला हिरवा बाण. दुसरी, १३७ हा आकडा. एवढ्या दोन गोष्टींसाठी त्यानं तो कागद आळेफाट्यावर नेऊन लॅमिनेशन करून आणला होता.

डिंगोऱ्याच्या शिवारात, कल्याण रस्त्याला लागून, त्याचं सहा खोल्यांचं कृषी पर्यटन केंद्र होतं. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या पाटी बघून आत वळत आणि खोल्या भरून जात. बाकीचे पाच दिवस खोल्या मोकळ्या असत. त्यावर उपाय म्हणून दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत त्यानं पुण्याच्या एका एजन्सीला गुगलवर जाहिरात करायला सांगितलं. मुंबईत कुणी ‘माळशेज रिसॉर्ट’ असं शोधलं की सुदर्शनची जाहिरात वर दिसे. तिच्यावर क्लिक केलं की वेबसाइट उघडे. वेबसाइटवर नाव, फोन, किती जण, कधी येणार, असा एक फॉर्म होता. तो भरून पाठवला की झाली एक चौकशी. पैसे क्लिकमागे जात, पण एजन्सीच्या कामाचं माप चौकशांवर होतं.

मार्चमध्ये चौकशा आल्या १३७. एजन्सीच्या मालकानं, म्हणजे सूरजनं, लगेच एप्रिलचं लक्ष्य दीडशेवर नेलं. सुदर्शननं त्याच्यापेक्षा मोठी झेप घेतली. एकशे सदतीस कुटुंबं आणि खोल्या सहा, हे काही बरोबर नाही, असं त्याला वाटलं. अजून बारा खोल्या हव्या होत्या, त्याही पावसाळ्याच्या आत. जागा एकच होती. सहा खोल्यांच्या शेजारी कांद्याची बराखी उभी होती, ती पाडायची.

बराखी त्याच्या वडिलांनी, भिमाजींनी बांधली होती. जमिनीपासून दोन हात वर उचललेली, भिंतीच्या जागी बांबूच्या फटी, वर पत्रे. उन्हाळ कांदा एप्रिलच्या शेवटी तिच्यात शिरायचा आणि दिवाळीच्या तोंडाला बाहेर पडायचा. बराखी नसली, तर कांदा निघाल्या निघाल्या पडेल त्या भावानं मंचरच्या बाजारात ओतण्याशिवाय गत नव्हती.

“कांदा कुठं ठिवू?” भिमाजींनी विचारलं. “तुज्या रिसेप्शनमधी?”

“आबा, तुमच्या-माज्या म्हणण्याला काय किंमत हाय? हितं कॉम्प्युटरनं आकडा दिलाय. त्यो खोटं बोलतो का?”

भिमाजी त्या दिवसापासून मुलाशी बोलायचे बंद झाले. सुदर्शननं त्याचा अर्थ संमती असा घेतला. एप्रिलचा आकडा आला की सात मेला बराखी खाली, असं त्यानं पत्रेवाल्यांना सांगून टाकलं, आणि फोनवर हर्षालीलाही.

हर्षाली एजन्सीत अॅनालिस्ट होती. वय चोवीस, गाव निरगुडसर. दर महिन्याच्या पाच तारखेला आठ ग्राहकांना आठ रिपोर्ट पाठवणं हे तिचं काम. ‘सात तारखेला बराखी खाली’ हे वाक्य सुदर्शननं आनंदाच्या बातमीसारखं सांगितलं, आणि तिला ते घराला आग लागल्यासारखं ऐकू आलं. तिच्या घरचा कांदाही बराखीतच जायचा. तोवर ती एप्रिलच्या आकड्यांकडे फक्त आकडे म्हणून बघत होती. आकडे असे होते: लक्ष्य दीडशे, आलेल्या चौकशा अडतीस.

तिला नवल अडतीसचं वाटलं नाही. नवल वाटलं ते क्लिकचं. चौकशा पार कोसळलेल्या आणि क्लिक मात्र मार्चइतकेच, महिन्याला तीन हजार. तिनं तासवार तक्ता काढला. बहुतेक सगळे क्लिक सकाळी नऊ ते अकरा. अकराला दिवसाचं बजेट संपायचं आणि जाहिरात बंद व्हायची. मुंबईचा माणूस सहलीचा विचार करतो तो संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर. त्या वेळी सुदर्शनची जाहिरात त्याला दिसतच नव्हती. सकाळी येणारे लोक तेच ते होते, परत परत येणारे, आणि वेबसाइटवर दहा सेकंदसुद्धा टेकत नव्हते.

मग तिनं एजन्सीत आजवर कुणी न केलेली गोष्ट केली. फॉर्म उघडून वाचले.

एजन्सीत फॉर्म मोजले जात, वाचले जात नसत. वाचणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. हर्षालीनं मार्चचे १३७ फॉर्म एका दुपारी वाचून काढले. पहिल्यात ‘किती जण’ समोर १ होतं आणि निरोपाच्या रकान्यात ‘सुदर्शनभाऊंना हार्दिक शुभेच्छा’. दुसऱ्यात ‘अशीच प्रगती होवो’. सातव्यात ‘मामा, नंबर एक’. एकोणिसाव्यात नुसतंच ‘भरला’.

तिनं एका फॉर्मवरचा नंबर लावला. भोसरीतल्या कंपनीत काम करणाऱ्या कुशाबा नावाच्या माणसानं फोन उचलला.

“तुम्ही माळशेजच्या खोलीसाठी फॉर्म भरला होता, त्याबद्दल फोन केलाय.”

“खोली? मला कशाला खोली, ताई? माजं घर हाय की डिंगोऱ्यात.”

“मग फॉर्म का भरलात?”

“लग्नात माईकवरनं सांगितलं व्हतं ना. सुदर्शनच्या पुतणीच्या. पावण्यांना टिळे लावायचं चालू व्हतं, तवा त्याच्या मेव्हण्यानं, गेणभाऊनं माईक घेतला. म्हणला, आपल्या दाजींची जाहिरात गुगलवर लागलीया, समद्या भावकीनं आणि पावण्यांनी एकदा फारम भरा आणि रोज सकाळी कामावर गेलं की एकदा दाबा. जितकं दाबाल तितकी वर ऱ्हाईल.”

“तुम्ही रोज दाबता?”

“एक दिस चुकलेलं न्हाई,” कुशाबा म्हणाला. “सायबानं बघितलं व्हतं मागं. त्याला पण दाबायला लावलं.”

हर्षालीनं त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला. फॉर्म एकदाच भरायचा होता, म्हणून मार्चमध्ये चौकशा फुगल्या. दाबायचं रोज होतं, म्हणून एप्रिलमध्ये क्लिक तसेच राहिले. शंभरावर माणसं पुणे, चाकण, भोसरीतून रोज सकाळी, न चुकता, मनापासून, सुदर्शनचं बजेट जाळत होती.

मार्चच्या १३७ मध्ये खरी गिऱ्हाइकं होती एकतीस. तिनं त्यांतल्या दोघांना फोन केला. दोघंही तिच्यावर ओरडले. दोन महिने झाले, त्यांना कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं. सुदर्शन समजत होता की एजन्सी फोन करते. एजन्सी समजत होती की सुदर्शन करतो. फॉर्म येऊन पडत होते त्या मेलबॉक्सचा पासवर्ड सुदर्शनला फेब्रुवारीतच कळवलेला होता, इंग्रजीत, बारा पानी पत्राच्या नवव्या पानावर.

हर्षालीला राग आला. पहिला गेणभाऊचा, मग सुदर्शनचा आणि मग स्वतःचा, कारण मार्चच्या रिपोर्टवरचा तो हिरवा बाण तिनंच काढला होता. शेवटचा राग सर्वांत टिकाऊ निघाला. तो घेऊन ती सूरजच्या केबिनमध्ये गेली.

सूरज मूळचा आळ्याचा. पुण्यात कुणी गाव विचारलं, की तो ‘नॉर्थला, थोडं’ असं सांगे. त्यानं तक्ता बघितला आणि दोन मिनिटांत एप्रिलचा रिपोर्ट तोंडी सांगून टाकला.

“वर क्लिक घे. तीन हजार, मोठ्या अक्षरात. त्याखाली जाहिरात किती वेळा दिसली ते. मग लिही, ब्रँड अवेअरनेसमध्ये लक्षणीय वाढ. चौकशा शेवटच्या पानावर टाक, उन्हाळ्यामुळे मागणी मंद म्हणून.”

“उन्हाळ्यातच लोक थंड जागा शोधतात, सर.”

“मग परीक्षांमुळे.”

“परीक्षा मार्चमध्ये असतात. मार्चला आपण बाण काढला होता.”

सूरजनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हर्षाली, रिपोर्ट हा ग्राहकाला धीर देण्यासाठी असतो.”

“त्या धिरावर तो सात तारखेला बराखी पाडतोय. कांदा उन्हात पडलाय त्यांचा. मार्चच्या एकशे सदतीसपैकी एकशे सहा त्याचेच पावणे आहेत, हे आपल्याला माहीत आहे आणि त्याला नाही.”

“आपल्याला काल कळलं.”

“आपण काल वाचलं. आलं होतं मार्चमध्येच.”

यावर सूरज मराठीच्या दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर उतरला. “तुला कळतंय का काय चाललंय त्ये? आपली चूक आपल्याच हातानं लिव्हून द्यायची? उद्या त्यो काम काढून घेईल, परवा दुसऱ्या चौघांना सांगंल. मी सांगतो तेवढंच जाईल. कळलं?”

“कळलं,” हर्षाली म्हणाली. कळलं, एवढंच ती म्हणाली. पाठवते, असं ती म्हणाली नव्हती. सूरजला हा फरक पाच तारखेला दुपारी सव्वातीनला समजला, कारण मेलची प्रत त्यालाही गेली होती. मेल मराठीत होती. एजन्सीच्या इतिहासातली पहिलीच.

“सुदर्शनभाऊ, नमस्कार.

एप्रिलचं लक्ष्य दीडशे चौकशांचं होतं. आल्या अडतीस. लक्ष्य हुकलं आहे आणि थोडक्यात हुकलेलं नाही. का हुकलं ते खाली लिहिते. आमच्या चुका आधी.

एक. दीडशे हे लक्ष्यच चुकीचं होतं. ते मार्चच्या १३७ वरून काढलं होतं. आम्ही ते फॉर्म मोजले, वाचले नाहीत. आता वाचले. त्यात १०६ तुमच्या नातेवाइकांच्या शुभेच्छा आहेत. खरी गिऱ्हाइकं ३१. मार्चच्या रिपोर्टमधला वर गेलेला बाण खोटा होता. तो मी काढला होता.

दोन. दिवसाचं बजेट दिवसभर पुरवून वापरायचं की येईल त्याला लगेच दाखवून संपवायचं, असे दोन पर्याय असतात. आम्ही दुसरा निवडला. त्यामुळे जाहिरात सकाळी अकरालाच बंद होत होती.

तीन. खऱ्या गिऱ्हाइकांना फोन कुणी करायचा, हे आम्ही तुमच्याशी नीट बोललो नाही. मार्चच्या ३१ आणि एप्रिलच्या ३३ जणांना आजपर्यंत कुणीच उत्तर दिलेलं नाही.

आता तुमच्या बाजूचं. लग्नात झालेल्या आवाहनामुळे नातेवाईक रोज जाहिरातीवर क्लिक करतात. एप्रिलच्या तीन हजार क्लिकपैकी अंदाजे दोन हजार तीनशे असे आहेत. हा अंदाज आहे, एखादा शेकडा इकडेतिकडे होईल. त्यामुळे जाहिरात वर राहत नाही, तुमचे पैसे संपतात. आळेफाट्याच्या सायबर कॅफेतले पुष्कळ क्लिक गुगलनं स्वतःच बाद ठरवून त्यांचे पैसे परत जमा केले आहेत. घरोघरून आणि कंपन्यांमधून आलेले ओळखता आले नाहीत. कृपया सगळ्यांना थांबायला सांगा. त्यांचा हेतू चांगला होता.

एप्रिलच्या अडतीसमध्ये चार शुभेच्छा आहेत. एक फॉर्म तुमच्या घरातला आहे. तो मी इथे लिहीत नाही, तुम्ही स्वतः वाचावा.

म्हणजे महिन्याला खऱ्या चौकशा तीस-बत्तीस आहेत, आणि त्यांतले किती येतील हे अजून कुणालाच माहीत नाही. एवढ्यावर बारा खोल्या बांधाव्यात असं हे आकडे सांगत नाहीत. मेमध्ये लक्ष्य चाळीस ठेवू, आणि प्रत्येकाला फोन जाईल हे आधी बघू.

हर्षाली”

सूरजनं ती मेल उभ्यानं वाचली. मग बसून वाचली. मग त्यानं हर्षालीला केबिनमध्ये बोलावलं आणि अर्धा तास तो जे बोलला, ते बाहेरच्या सात जणांनी हेडफोन काढून ऐकलं. शेवटी तो म्हणाला, “आता तू घरी जा आणि परत—”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुदर्शन होता. सूरजनं फोन कानापासून वीतभर लांब धरला, तरी केबिनभर ऐकू येत होतं.

“माज्या पावण्यांना चोर म्हणती का ती बाई? माजे पैसे माजी भावकी खाती? गेणभाऊनं वाचलं, त्यो जेवला न्हाई दुपारपासनं. उद्याच्याला... न्हाई, परवा सात तारखेला या दोघं हितं. त्या बाईनं समद्यांसमोर म्हणायचं, म्या लिव्हलं त्ये चुकीचं हाय. न्हाईतर तुमचं काम बंद, आणि आळ्यात तुमच्या वडलांना भेटून जाईन म्या.”

सूरज नोकरी, ग्राहक, बाजारातलं नाव यांवर सहज बोलू शकत होता. वडिलांचं नाव निघालं तसा तो खुर्चीतून उठून उभा राहिला. “येतो,” तो म्हणाला.

फोन ठेवून त्यानं हर्षालीकडे बघितलं. “तिथं माफी मागायची. मग पुढचं बघू.”

“चुकलं त्याची मागेन,” ती म्हणाली, आणि सगळे फॉर्म छापायला लावले.

सात तारखेला अकराच्या सुमारास सूरजची गाडी डिंगोऱ्याला पोचली. वाटेत फक्त ओतूरला गाडी थांबवून त्यानं पाण्याची बाटली घेतली होती, एकच.

बराखीवर चार माणसं चढलेली होती. सहा पत्रे खाली उतरवून भिंतीला टेकवले होते. पलीकडच्या वावरात कांद्याचे ढीग पातीखाली झाकून ठेवलेले होते आणि वरची पात वाळून पिवळी पडली होती. बराखीच्या तोंडाशी एका पोत्यावर भिमाजी बसले होते. त्यांनी पाठ अशी फिरवून ठेवली होती की पत्रे उतरताना दिसू नयेत आणि आवाज मात्र चुकू नये.

सुदर्शन पांढरी पँट घालून उभा होता. त्याच्याजवळ गेणभाऊ, म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ. आळेफाट्याचा सायबर कॅफे याचाच. दोन दिवसांच्या दुःखाचा त्याच्या पोटावर काही परिणाम दिसत नव्हता.

“या मॅडम,” सुदर्शन म्हणाला. “ह्यो गेणभाऊ. ह्याला सांगा, त्यो चोर हाय म्हणून.”

“चोर कुठं लिहिलंय भाऊ? हेतू चांगला होता असं लिहिलंय.”

“हेतू चांगला म्हंजी काम वाईट,” गेणभाऊ म्हणाला. “मला कळतं तेवढं. मॅडम, माज्या कॅफेत कुणीबी बसलं तरी पयली दाजींची जाहिरात दाबल्याबिगर म्या मशीन चालू करून देत न्हाई. कोण करतं दाजीसाठी इतकं?”

“म्हणूनच गुगलनं तुमचे बाद केले.”

“माजेच?” गेणभाऊला हे चोर म्हणण्यापेक्षा जास्त लागलं. “आन् भोसरीवाल्यांचे चालले?”

“गेणभाऊ, गप,” सुदर्शन म्हणाला. त्याचा आवाज चढत होता. “मॅडम, म्या आठ दिस झालं माणसं सांगून ठिवलीत. समद्या गावाला म्हायतीये बारा खोल्या व्हणार. एकशे सदतीस म्हणून तुमीच लिव्हून दिलं. तुमीच बाण काढला. आता म्हणता बाण खोटा. तवा खरा व्हता तर आत्ता खोटा कसा? का आत्ताचा खोटा हाय?”

“तेव्हाचा खोटा होता.”

“सूरजशेठ, तुमी बोला.”

सूरजनं घसा साफ केला. वाटेत त्यानं वाक्य तयार करून ठेवलं होतं. “काय आहे सुदर्शनभाऊ, डेटाकडे बघण्याचे वेगवेगळे दृष्टिकोन असतात. मॅडम नवीन आहेत. त्यांनी थोडं घाईनं—”

“मी वाचून दाखवते,” हर्षाली म्हणाली आणि पिशवीतून गठ्ठा काढला. “मार्च. फॉर्म पहिला. किती जण, एक. सुदर्शनभाऊंना हार्दिक शुभेच्छा. फॉर्म दुसरा. अशीच प्रगती होवो. फॉर्म तिसरा. गेणभाऊ, आळेफाटा. किती जण, पाचशे.”

“पाचशे का लिव्हलं रं?” सुदर्शननं विचारलं.

“एक म्हंजी बारीक वाटलं असतं,” गेणभाऊ म्हणाला.

वर पत्रे काढणारे थांबले होते. हर्षाली वाचत राहिली. चुलते, मावसभाऊ, भाचे, चाकणच्या कंपनीतली एक आख्खी शिफ्ट. सुदर्शन प्रत्येक नावाला आधी मान हलवत होता, कारण प्रत्येक नाव ओळखीचं होतं. तिसाव्या नावाला त्यानं मान हलवायची थांबवली.

“बास,” तो म्हणाला. “बास की आता.”

“एप्रिलचा एक राहिलाय. मेलमध्ये लिहिलं होतं, तुम्ही स्वतः वाचा म्हणून.” तिनं कागद पुढं केला.

“मेलमधी बाकीचं वाचल्यावर त्ये दिसलंच न्हाई मला. वाचा तुमीच. समद्यांचं वाचलं तसं ह्ये बी होऊ द्या.”

हर्षालीनं भिमाजींच्या पाठीकडे बघितलं. पाठ हलली नाही.

“तारीख चौदा एप्रिल. नाव, भिमाजी. गाव, डिंगोरे. किती जण, एक. कधी येणार, आलेलोच आहे. किती दिवस राहणार, मरेपर्यंत. निरोप: बराखी पाडू नको. कांदा पातीखाली किती दिवस राहील. तू माझं ऐकत नाहीस, कॉम्प्युटरचं ऐकतो म्हणतोस, म्हणून कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवतो.”

सुदर्शननं हळूहळू मान वळवून गेणभाऊकडे बघितलं.

“टाइप कुणी केलं?”

“दाजी, आबा कॅफेत आले. दहा रुपये ठिवले टेबलावर. गिऱ्हाईक हाय त्ये. गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगत न्हाई म्या.”

“आणि म्या कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई म्हणून गावभर सांगत फिरतोय.” सुदर्शनचा आवाज आता ओरडण्याच्याही पलीकडे गेला होता, म्हणजे एकदम बारीक झाला होता. “सूरजशेठ. ह्या अडतिसात माझा बाप मोजला का तुमी?”

“मोजला,” सूरज म्हणाला.

“बारा खोल्या बांध म्हणणाऱ्यात?”

“हो.”

मग भिमाजी उठले. पोत्यावरून उठायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे थांबले. ते मुलाकडे गेले नाहीत. थेट सूरजसमोर जाऊन उभे राहिले.

“तुमीच का त्ये, कॉम्प्युटरवाले?”

“हो, आबा.”

“दाबल्यावर त्यात आलं, आभारी हाय, आमचा माणूस चोवीस तासांत तुमाला भेटंल. ह्या पावण्यानं वाचून दाखवलं मला.” त्यांनी गेणभाऊकडे हात केला. “म्या दुसऱ्या दिवशी सकाळपासनं हितं बसलो. म्हणलं माणूस येईल, त्याला बराखी दाखवू, कांदा दाखवू. त्यो तरी पोराला सांगंल. जेवायला सून सरूबाई हाका मारती, म्या उठंना. उठलो आन् तुमचा माणूस येऊन गेला म्हंजी? तिसऱ्या दिवशी गेणभाऊला इचारलं, त्यो म्हणला, सुट्टी असंल. एवढी सुट्टी? लिव्हता कशाला मंग चोवीस तास? कुणाला येड्यात काढता? माणूस नव्हता पाठवायचा तर लिव्हायचं न्हाई. साधी गोष्ट हाय.”

“ते आपोआप जातं, आबा,” सूरज म्हणाला. “सगळ्यांनाच.”

“समद्यांना खोटं बोलला म्हंजी माझ्याशी बोललेलं कमी व्हतं व्हय?”

आळ्याच्या घरी सूरजलाही एक वडील होते आणि ते साधारण याच आवाजात बोलत.

“मी आलेय, आबा,” हर्षाली म्हणाली. “एजन्सीचा माणूस मीच. बावीस दिवस उशीर झाला. त्याची माफी मागते. बाकी लिहिलं त्याची मागणार नाही.”

भिमाजींनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. “कुठली तू?”

“निरगुडसर.”

“बराखी हाय का घरी?”

“आहे. परवाच भरली.”

“मंग बघ तूच,” ते म्हणाले आणि तिला वावराच्या कडेला घेऊन गेले. एका ढिगावरची पात बाजूला सारून त्यांनी चार कांदे हातात घेतले. दोन चांगले होते. एकाच्या मानेत अंगठा दाबला, तर तो आत गेला. चौथा त्यांनी दाबलाच नाही, वास पुरेसा होता. ते परत येऊन मऊ कांदा सुदर्शनच्या हातात न देता त्याच्या समोरच्या पोत्यावर ठेवून गेले.

सुदर्शननं कांदा उचलला. उलटसुलट करून बघितला. मग त्यानं तो सगळ्या ताकदीनिशी फेकला. नेम कुणावरच नव्हता. तो रिसेप्शनच्या भिंतीवर फुटला.

“पत्रे चढवा,” तो वर बघून म्हणाला.

वरच्या चौघांतला मुकादम म्हणाला, “भाऊ, आमी उतरवायचं ठरलं व्हतं. चढवायचं ठरलं नव्हतं. आणि जेवायची येळ झाली.”

“मंग जेवा,” सुदर्शन म्हणाला आणि पांढऱ्या पँटनिशी शिडी चढायला लागला. तीन पायऱ्या चढून तो थांबला. “सूरजशेठ, ती चौसष्ट लोकं. त्यांचे नंबर हायत का मॅडमकडं?”

“आहेत,” हर्षालीनंच उत्तर दिलं.

“पत्रे झाले की म्या एकेकाला लावतो. शिव्या देतील ना?”

“देतील. मी दोघांना केला होता, दोघांनी दिल्या.”

“देऊ द्या. तुमचं पुढचं काय ते शिव्या खाल्ल्यावर ठरवू.” आणि मग, पुन्हा चढ्या आवाजात, “गेणभाऊ, भोसरीला फोन लाव. चाकणला लाव. म्हणावं, उद्यापासनं जो दाबंल त्यानं माज्या दारात येऊ नये. आणि आज माईक नको. एकेकाला सांग. एकेकाला. एकशे सहाच्या एकशे सहा.”

गेणभाऊ फोन काढून आडोशाला गेला. थोड्याच वेळात त्याचा आवाज आला, “न्हाई न्हाई, कुशाबा, तू चोर न्हाईस. हेतू चांगला व्हता तुजा.”

सूरजनं इकडेतिकडे बघितलं, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि पहिला पत्रा एका बाजूनं उचलला. दुसरी बाजू हर्षालीनं धरली. “तुझं पुण्यात बोलू,” तो दातांमधून म्हणाला. पत्रा तापलेला होता आणि दोघांनाही तो लवकर वर द्यायचा होता.

वर सुदर्शननं पत्रा ओढून घेतला, ठेवला आणि खिळ्यावर हातोडा मारला.

भिमाजी खाली उभे राहून बघत होते. ते अजूनही मुलाशी बोलत नव्हते. पाचव्या घावाला त्यांना राहवेना. त्यांनी हर्षालीला जवळ बोलावलं.

“बाई,” ते म्हणाले, इतक्या मोठ्यानं की वरपर्यंत सहज ऐकू जावं, “त्याला मेल कर. म्हणावं, पत्रा उलटा लावलाय.”

वर हातोडा थांबला. थोड्या वेळानं खिळा उपटल्याचा आवाज आला.